लो-राइज जीन्स मागून का उघडी पडते, आणि चमकत्या कापडाचं आपल्या हवेत काय होतं

प्रश्न : मी मालवणला राहते, कॉलेज संपवून नोकरीला लागले आहे. 2000 सालच्या सुमाराची फॅशन परत आली आहे, लो-राइज जीन्स, बेबी टी, चांदीसारखं चमकणारं कापड, इवल्याशा पर्स आणि क्लिपा, आणि मला ती मनापासून आवडते. पण ऑनलाइन मागवलेली लो-राइज उभं असताना ठीक दिसते, स्कूटरवर बसले की मागून उघडी पडते. घरी मावशीची जुनी उंच कमरेची जीन्स आहे, ती वरून कापून लो-राइज करता येईल का? आणि चमकणारे कपडे आपल्या दमट हवेत टिकतील का?

मावशीची जीन्स कापता येईल. पण शिंप्याकडे नेऊन “वरून तीन इंच काढून टाका” एवढंच सांगाल तर जी तक्रार आज आहे तीच, किंबहुना जास्त, घेऊन परत याल. रत्नागिरीत मी शिवणकाम करते. ही फॅशन पहिल्यांदा आली तेव्हाही माझ्याकडे याच जीन्सची कामं येत होती आणि आता पुन्हा येतात, विशेषतः गणपतीच्या आधी, मुंबईहून मुली येतात तेव्हा. त्यामुळे उत्तराचा मोठा भाग जीन्सवर देते, कारण बाकीचा सगळा पेहराव तिच्यावर उभा असतो.

आधी आसन समजून घ्या. दोन्ही पाय जिथे जोडले जातात त्या शिवणीपासून पुढे कमरेच्या पट्टीच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे पुढचं आसन. तसंच मागे मोजलं की मागचं आसन. उंच कमरेच्या जीन्समध्ये पुढचं आसन साधारण 11 ते 12 इंच असतं, मधल्या उंचीत 9 ते 10, आणि लो-राइज म्हणतात तिच्यात 7 ते 8. 2000 नंतरच्या काही वर्षांत याच्याही खाली गेलेल्या जीन्स निघाल्या होत्या. त्याचं मूळ ॲलेक्झांडर मॅक्वीन या ब्रिटिश डिझायनरच्या ‘बमस्टर’ पँटमध्ये सापडतं. 1990 च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याने पाठीचा खालचा भाग दिसेल इतकी खाली पँट आणली, आणि ते मुद्दाम केलेलं होतं. पुढे बाजाराने ती उंची उचलली, तिचा हेतू मात्र कोणी उचलला नाही. मियू मियू या इटालियन फॅशन कंपनीने 2021 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिसला दाखवलेल्या कपड्यांनंतर खाली बसणारी कंबर पुन्हा सगळीकडे दिसू लागली.

आता पुढच्या आसनाचा आकडा सगळे सांगतात, दुकानाच्या तक्त्यात तोच असतो. तुमची अडचण मागच्या आसनात आहे. उभं असताना पाठीचा खालचा भाग आणि बैठक यांच्यावरून जाणारं अंतर जेवढं असतं, त्यापेक्षा बसल्यावर ते चांगलंच वाढतं, कारण पाठ वाकते आणि बैठक पसरते. पुढे उलट होतं, पोट आणि मांडी जवळ येतात आणि कापड जास्तीचं होतं. उंच कमरेच्या जीन्सला या ओढाताणीने फार फरक पडत नाही, ती इंच-दीड इंच खाली आली तरी पाठ झाकलेलीच राहते. लो-राइजमध्ये तो इंच-दीड इंचच शिल्लक नसतो. म्हणून चांगल्या लो-राइजमध्ये मागचं आसन पुढच्यापेक्षा साधारण चार ते पाच इंच जास्त ठेवतात, म्हणजे पट्टी बाजूने पाहिली तर पुढे उतरलेली आणि मागे चढलेली दिसते. स्वस्त मालात कापड वाचवायला आणि आडवी सरळ पट्टी शिवायला सोपी जावी म्हणून हा फरक अडीच-तीन इंचांवर आणलेला असतो. तुमची जीन्स सपाट पसरून दोन्ही आसनं टेपने मोजा. फरक साडेतीन इंचांच्या आत निघाला तर दोष तुमच्या शरीराचा नाही, कापण्याचा आहे.

पण मागून उघडं पडण्याची दोन वेगळी कारणं असतात आणि त्यांचे उपाय वेगळे, म्हणून आरशासमोर आधी एवढं पाहा. सरळ उभं राहून पाठीमागे पट्टी आणि अंग यांच्यामध्ये हात घालून बघा. उभं असतानाच तिथे तीन-चार बोटं सहज जात असतील तर पट्टीला वळण कमी आहे. उभं असताना पट्टी अंगाला टेकलेली आहे, पण पाटावर किंवा स्कूटरवर बसल्यावर ती खाली सरकते, तर मागचं आसन अपुरं आहे. तुम्ही लिहिलं आहे त्यावरून तुमची दुसरी गोष्ट वाटते, पण दोन्ही एकत्र असणंही नेहमीचं आहे.

वळणाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण घरगुती दुरुस्तीत नेमकं तेच चुकतं. खऱ्या कमरेवर बसणारी पट्टी सरळ चालते, कारण तिथे वरचा आणि खालचा घेर जवळपास सारखा असतो. नाभीच्या खाली तीन इंच उतरलात की शरीर उलट्या ठेवलेल्या नरसाळ्यासारखं खाली रुंद होत जातं. तिथे दीड इंच रुंदीची पट्टी बसवायची तर तिची खालची कड वरच्यापेक्षा इंच-सव्वा इंच, काहींना दीड इंच लांब हवी. सरळ पट्टी लावली तर खालची कड अंगाला बसते आणि वरची कड मागे तोंड उघडून उभी राहते. बरेच जण मग मागे मधोमध टक घालतात किंवा इलास्टिक ओवतात. टक एका ठिकाणी कापड खेचतो, तिथे कोपरा येतो आणि दोन्ही बाजूंना पोकळी तशीच राहते. इलास्टिकने जाड डेनिमला चुण्या पडतात आणि आपल्या घामाच्या हवेत त्या चुण्या दिवसभर कातडीला घासतात.

मावशीच्या जीन्ससारखंच एक काम मी केलं ते आकड्यांसकट सांगते, म्हणजे तुम्हाला शिंप्याशी बोलता येईल. निव्वळ सुती, अजिबात न ताणणारी जीन्स होती. पुढचं आसन 11, मागचं साडेचौदा, बैठकीचा घेर 38. मुलीची बैठक साडेसदतीस. तिला पुढचं आसन 8 हवं होतं.

कापायच्या आधी तिच्या अंगावर इलास्टिकची बारीक दोरी बांधली, जिथे तिला पट्टी बसायला हवी होती तिथे. मग तिला पाटावर बसायला, ओणवं व्हायला, चार पावलं चालायला सांगितलं. दोरी पुढे थोडी उतरली, मागे वर सरकली आणि एका जागी थांबली. ती जागा खरी. आरशात पाहून ठरवलेली रेषा जवळजवळ नेहमी मागे फार खाली असते. दोरीवर घेर 33 भरला, तिच्या दीड इंच खाली साडेचौतीस. पुढच्या दोरीपासून दोन्ही पायांमधून मागच्या दोरीपर्यंतचं अंतर 20 इंच. त्यात बसण्यासाठी पाऊण इंच धरला, म्हणजे पुढचं आणि मागचं आसन मिळून पावणेएकवीस. पुढे 8, तर मागे पावणेतेरा. न ताणणाऱ्या कापडाला हा पाऊण इंच सोडू नका. दोन टक्के इलास्टेन असलेल्या कापडाला अर्धा इंच पुरतो.

मग जुनी पट्टी आणि लूप उसवून काढले. पट्टी काढल्यावर उरलेल्या कडेपासून पुढे तीन इंच, बाजूच्या शिवणीवर अडीच आणि मागे मधोमध पावणेदोन अशा खुणा खडूने केल्या आणि त्या एका सलग वळणदार रेषेने जोडल्या. ही रेषा कुठेही कोपरा न करता जायला हवी, पुढे मधोमध आणि मागे मधोमध ती शिवणीला काटकोनात भेटली पाहिजे, नाहीतर शिवल्यावर तिथे टोक येतं. यात पट्टी जोडायची अर्धा इंच माया, म्हणजे शिवणीत जाणारं कापड, धरलेली आहे. नवी पट्टी दीड इंचाची असल्याने पूर्ण झाल्यावर आसन बरोबर 8 आणि पावणेतेरा येतं.

कात्री लावण्याआधी चेन. हे विसरलं की रनर हातात येतो. रनर कापायच्या रेषेच्या बराच खाली ओढून ठेवायचा, मग रेषेच्या खाली जिथे चेन संपायची आहे तिथे दोन्ही बाजूंच्या दातांवर जाड दोऱ्याचे आडवे टाके घालून अडथळा करायचा. धातूची चेन असेल तर मायेतले दात पकडीने एकेक उपटून काढायचे, कारण दातावर सुई आदळली की तुटलेला तुकडा डोळ्याकडे उडतो. त्या मुलीची चेन साडेतीन इंच उरली. इतकी लहान चेन पुरेल का असं तिने विचारलं. पुरते. साडेतीन इंच उघडल्यावर पट्टीच्या तोंडाला दोन्ही बाजूंचे मिळून सात इंच वाढतात, 33 चे 40 होतात आणि साडेसदतीसची बैठक त्यातून जाते. 2000 च्या जीन्सना म्हणूनच ती इवलीशी चेन असायची.

कापल्यावर वरच्या कडेचा घेर 35 भरला. पट्टीची खालची कड मला सव्वाचौतीस हवी होती, कारण लो-राइज नुसती टेकून चालत नाही, नितंबांच्या हाडांना किंचित धरून राहावी लागते. जादा पाऊण इंच कुठे काढायचा हे महत्त्वाचं. मागे मधल्या शिवणीत पाव इंच आणि दोन्ही बाजूंच्या शिवणीत मागच्या भागातून पाव-पाव इंच, वरून सुरू करून तीन इंच खाली शून्यावर आणून. सगळा एकाच ठिकाणी काढला तर मागचे खिसे एकमेकांकडे वळलेले दिसतात.

नवी पट्टी कागदावर आखली. सव्वाचौतीस लांब, दीड इंच रुंद कागदी पट्टी घेतली, तिला वरून खालपर्यंत पाच ठिकाणी चीर दिली, खालची कड न तोडता, आणि प्रत्येक चिरेवर वरची कड पाव इंच एकावर एक चढवून चिकटवली. वरची कड 33 झाली आणि पट्टी आपोआप कमानीसारखी वळली. चिरा मागच्या बाजूला आणि बाजूच्या शिवणींजवळ दिल्या, पुढे मधोमध नाही, कारण पोटाकडे एवढा फरक नसतो. पुढे बटणासाठी एका टोकाला सव्वा इंच वाढवला आणि सगळीकडून अर्धा इंच माया. अशी वळलेली पट्टी एका तुकड्यात कापली तर तिचा काही भाग उभ्या धाग्यावर, काही उरेब, म्हणजे धाग्याला तिरका, पडतो, आणि उरेब भाग घातल्यावर ताणत जातो. म्हणून ती मागे मधोमध जोड देऊन दोन तुकड्यांत कापावी आणि वरच्या कडेच्या शिवणीत पाव इंच रुंद सुती टेप धरून शिवावी. ही टेप नसेल तर महिनाभरात वरची कड अर्धा-पाऊण इंच वाढते आणि मागचं तोंड पुन्हा उघडतं.

वरचा थर दुसऱ्या जुन्या जीन्सच्या मांडीच्या भागातून काढला. रंग थोडा गडद होता, तो तिला आवडला. आतला थर डेनिमचा न लावता पॉपलिनचा लावला. दोन थर डेनिम, त्यात माया, त्यावर लूप असं झालं की ती गादी पोटात रुतते आणि पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही. शिवायला 16 नंबरची सुई, लूपच्या जागी 18 नंबरची.

अडचण आली ती खिशांची. पुढच्या खिशाचं तोंड बाजूच्या शिवणीवर चार इंच खोल होतं, अडीच कापल्यावर दीडच उरलं. हात जाईना. अशा वेळी खिशाचं तोंड खाली उतरवता येतं, पण आत खिशाच्या पांढऱ्या कापडावर लावलेला डेनिमचा तुकडा जिथवर पोचतो तिथवरच. तो साधारण दीड-दोन इंच जास्तीचा असतो, त्यातला सव्वा इंच वापरला. त्याहून खाली गेलात तर पांढरं कापड बाहेर डोकावतं. नाण्यांचा छोटा खिसा गेलाच. मागच्या खिशांची वरची कड नव्या पट्टीपासून दोन इंचांच्या आत येत असेल तर खिसे उसवून इंचभर खाली लावावेत, नाहीतर बैठक आखूड आणि चौकोनी दिसते. जुन्या खिशाखालचं कापड मात्र गडद राहिलेलं असतं आणि ती चौकट दिसते, हे आधी सांगून ठेवते.

मागे योक नावाची जी तिरकी शिवण असते, खिशांच्या वर, ती खरं तर शोभेची नाही. कमरेतला टक त्या शिवणीत लपवलेला असतो. वरून कापताना योकचा बराच भाग जातो आणि त्याच्याबरोबर तो आकारही. म्हणूनच मागे कमी कापायचं आणि वळण पट्टीत आणायचं. तुमच्या ऑनलाइन घेतलेल्या जीन्सला, जिचं मागचं आसन आधीच आखूड आहे, योकचाच उपाय आहे. योकची शिवण पूर्ण उसवा आणि तिच्यात मधोमध एक इंच रुंद, दोन्ही बाजूंच्या शिवणींकडे शून्यावर येणारी कळी घाला. एक इंच वाढवायचा तर मधोमध दोन इंचांचं कापड लागतं, कारण दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच माया जाते. मागचं आसन सरळ एक इंचाने वाढतं, पुढची उंची तशीच राहते. योकला दुहेरी टीप असतेच, त्यामुळे कळी मुद्दाम घातल्यासारखी दिसते. इंचापेक्षा मोठी कळी घालू नका, बैठकीखाली पिशवी येते.

ज्या जीन्सवर हे काम करू नये त्याही सांगते. बैठकीत आधीच घट्ट असलेली जीन्स कापून सैल होत नाही, उलट वरचा आधार गेला की ती बसताना आणखी खाली ओढली जाते. पुढे आसनापासून मांड्यांकडे मिशांसारख्या आडव्या रेषा दिसत असतील तर ती जीन्स सोडून द्या. खूप ताणणारी, पायाला चिकटणारी जीन्सही कापायला वाईट, कडेला लाटा येतात. आणि ज्यांची कमर व बैठक यांच्या घेरांत फरक कमी आहे त्यांना पट्टी मापापेक्षा इंचभर कमी करून पट्टा वापरावा लागतो, नाहीतर चालताना ती उतरत राहते.

एक सोपा मार्गही आहे. आज लो-राइज म्हणून ज्या सैल, ढगळ जीन्स घातल्या जातात त्यांच्यासाठी कापाकापीच नको. मधल्या उंचीची, सरळ पायाची जीन्स दोन साइझ मोठी घ्या आणि पट्ट्याने नितंबांवर बसवा. मागचं आसन पूर्ण लांबीचं असल्यामुळे स्कूटरवर पाठ झाकलेली राहते. आसन दोन इंच खाली लोंबतं, पण या आकाराला ते शोभतं. मूळ काळाची जी जीन्स होती, बैठकीत नेमकी आणि गुडघ्याखाली फाकणारी, तिला मात्र हा मार्ग लागू नाही.

त्या फाकणाऱ्या पायांबद्दल आपल्याकडे एक काळजी घ्यावी लागते. त्या जीन्स टाचेखाली लोळायच्या, तशीच पद्धत होती. जांभ्याच्या मातीत, तेही जूनपासून, तसं करू नका. ओल्या डेनिमची कड तळव्याखाली येते आणि काही दिवसांत झिजून फाटते, आणि लाल मातीचा डाग म्हणजे लोहाचा गंज. तो ओला असताना चोळला की आत बसतो, आणि ब्लीच घातला की आणखी पक्का होतो. पूर्ण वाळू द्या, कोरड्या ब्रशने झाडा, मग धुवा. चपला घालून उभं राहिल्यावर जमिनीपासून अर्धा इंच वर दुमड ठेवली की पायाचा आकारही दिसतो आणि कडही वाचते.

बेबी टीचं काम सोपं आहे, फक्त एक गैरसमज काढायला हवा. मोठा टी-शर्ट खालून कापला की बेबी टी होत नाही, आखूड टी-शर्ट होतो. बेबी टी नावाप्रमाणे लहान मुलीच्या मापाची वाटायला हवी : खांदा खऱ्या खांद्यापेक्षा अर्धा इंच आत, बाही तीन-साडेतीन इंचांची आणि दंडाला टेकलेली, मुंढा वर, गळ्याला बारीक रिब. छातीचा घेर अंगापेक्षा दोन इंच कमी, कारण होजिअरीचं कापड ताणून बसतं. जुन्या टी-शर्टमधून करताना बाह्या उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो. गोल टोकाची सुई आणि हलकी झिगझॅग टीप वापरा, साध्या सरळ टिपेने घातल्याबरोबर दोरा तुटतो. लांबी ठरवताना जीन्स घालून ठरवा. टीची कड आणि पट्टी यांच्यात किती अंतर दिसायचं ते दोन्ही कपडे मिळून ठरवतात, आणि हात वर केला की टी दोन इंच तरी वर जाते, एसटीत दांडी धरताना हे आठवेल. त्या काळात बेबी टीच्या आत लांब, बारीक पट्ट्यांची बनियन घालून ती खाली दोन-तीन इंच दिसू देण्याची पद्धत होती. गावात, घरी, देवळात जायचं असेल तर तोच पेहराव तसाच्या तसा चालतो, आणि तो त्या काळाचा खराखुरा भाग आहे.

चमकत्या कापडाकडे येते. बाजारात तीन वेगळ्या वस्तू एकाच नावाने विकल्या जातात आणि किनाऱ्यावर त्यांचं आयुष्य फार वेगळं आहे. पहिल्यात दोराच चमकतो : पॉलिएस्टरच्या पातळ पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा सूक्ष्म थर बसवून, वर लाखेसारखं आवरण देऊन, त्याच्या बारीक फिती कापून त्या विणतात. लुरेक्स म्हणतात ते हेच. दुसऱ्यात साध्या होजिअरीवर चंदेरी फॉइल गोंद आणि उष्णतेने चिकटवलेली असते. तिसऱ्यात कापडावर पॉलियुरेथेनचा चामड्यासारखा लेप असतो, चांदी किंवा सोनेरी रंगाचा.

ओळखायचं कसं? कडेचा एक दोरा ओढून पाहा. दोरा सुटा काढल्यावरही चमकत असेल तर पहिला प्रकार. उलट बाजू अगदी साधी असेल तर फॉइल किंवा लेप. मग आतल्या मायेवर चिकटपट्टी दाबून झटकन ओढा, पट्टीवर चंदेरी भुगा आला तर फॉइल.

लेपाचं कापड मी गिऱ्हाइकाला घेऊ देत नाही. हवेतली वाफ पॉलियुरेथेनच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडते, आणि हे कपाटात घडी घालून ठेवलेलं असतानाही होत राहतं. आपल्याकडे दोन-तीन पावसाळ्यांत ते आधी चिकट लागतं, घडी उघडताना एकमेकांपासून सुटत नाही आणि मग खपल्या पडतात. यावर उपाय नाही, न वापरता जपून ठेवलेलाही वाचत नाही. फॉइल घामाच्या जागी, काखेत आणि कमरेवर, आधी उडते, म्हणून त्याचा घट्ट टॉप शिवण्यापेक्षा सैल स्कर्ट शिवा. दोऱ्यातून चमकणारं कापड मात्र आपल्या हवेत चांगलं राहतं, तीन गोष्टी सांभाळल्या तर. धुण्याचा सोडा आणि तीव्र पावडर वापरायची नाही, कारण आवरणाला ओरखडा पडलेला असेल तिथे आतलं ॲल्युमिनियम सोड्यात विरघळतं आणि कापड राखाडी होतं. समुद्रावर घालून गेलात तर त्याच दिवशी साध्या पाण्यातून काढा, मीठ तसंच राहू देऊ नका. इस्त्री उलट बाजूने, मधे कापड ठेवून, सर्वांत कमी उष्णतेवर. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, आत ओल कोंडते. जुन्या धुतलेल्या सुती ओढणीत गुंडाळा. शिवताना 9 किंवा 11 नंबरची नवी सुई घ्या. बोथट सुई धातूच्या फितीला ओढते आणि आडवी रेघ उमटते, ती जात नाही. आतून अस्तर लावा, कारण कापलेल्या फितींची टोकं कातडीला टोचतात.

छोट्या वस्तूंत फुलपाखराच्या क्लिपा, बगलेत मावणारी लांबट पर्स, साखळीचा पट्टा हे मुख्य. फेंडी या इटालियन कंपनीची बगेट पर्स 1997 ची, पुढच्या बऱ्याच आखूड बंदांच्या पर्सचा नमुना तीच. पर्स घेताना तुमचा फोन हातात घेऊनच दुकानात जा. त्या मापाच्या पर्स निघाल्या तेव्हा फोन तळहाताच्या निम्मे होते, आणि आजचा फोन तिरका घातला की पर्सची चेन पहिल्याच महिन्यात फाकते.

साखळीचा पट्टा आणि जीन्सचं बटण याबाबत मात्र नीट ऐका. लो-राइजमध्ये बटणाची मागची बाजू नाभीखाली थेट कातडीला लागते, उंच कमरेच्या जीन्समध्ये मधे सहसा कपडा असतो. स्वस्त बटणात, बक्कलात आणि साखळीत निकेल असतं. घामाने ते थोडं थोडं सुटतं आणि ज्यांना त्याची ॲलर्जी आहे त्यांना नाभीखाली खाजरा, लालसर, रुपयाएवढा चट्टा उठतो. बरेच जण त्याला घामाचं नायटं समजून मलम लावत बसतात. चट्टा नेमका बटणाच्या जागी आणि बटणाच्याच आकाराचा असेल, आणि खोट्या कानातल्यांनीही कान चिघळत असतील, तर निकेलचा संशय घ्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जीन्सपुरता उपाय शिवणाचा आहे. नेलपॉलिशचा थर देतात तो घामाने आठवड्यात निघतो. बटणाच्या मागे पट्टीच्या आतून दोन थर जाड सुती कापडाचा, दोन इंच लांब-रुंद तुकडा चारी बाजूंनी टीप मारून लावा. तुमच्या मावशीच्या जीन्सला नवी पट्टी लावणारच आहात, तर शिंप्याला सांगून आतल्या पॉपलिनचं टोक तेवढं लांब ठेवून घ्या, म्हणजे बटण ठोकल्यावर ते मागे दुमडून त्याच्यावर शिवता येईल.